बँक वाचली, रोखे शून्य झाले



मार्च २०२० मध्ये आपल्या मुंबईतली येस बँक बुडण्याच्या काठावर आली आणि अवघ्या नऊ-दहा दिवसांत वाचवली गेली. तिच्या एकाही ठेवीदाराचे मुद्दल बुडाले नाही. जुन्या भागधारकांचे शेअर त्यांच्या खात्यात राहिले. बँकेचे नाव, शाखा, कर्मचारी, सगळे चालू राहिले. पण त्याच बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे १४ मार्चच्या एका पत्राने शून्य झाले. कमी झाले नाहीत, लांबणीवर पडले नाहीत, शून्य झाले. हे रोखे घेणाऱ्यांत विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंड होते, तशीच एक हजारावर साधी माणसेही होती. त्यांतल्या अनेकांनी आपली मुदत ठेव मोडून ते घेतले होते.

या रोख्यांना बाजारात ‘एटी-वन’ म्हणतात. पूर्ण नाव अ‍ॅडिशनल टियर वन. विकणारे ‘परपेच्युअल बाँड’ म्हणजे कायमस्वरूपी रोखे असेही म्हणतात. त्यांत धोका असतो हे कोणीही सांगेल. तो धोका दिसतो त्याहून मोठा का आहे, आणि नेमका कुठे दडला आहे, हे मला आज सांगायचे आहे. त्यासाठी येस बँकेच्या प्रकरणाइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आधी हे रोखे जन्मतात कुठून ते पाहू. बँक लोकांच्या ठेवी घेऊन कर्जे देते. काही कर्जे बुडतातच. तो तोटा ठेवीदारांपर्यंत पोचू नये म्हणून बँकेकडे स्वतःचे भांडवल असावे लागते. २००८ च्या जागतिक संकटानंतर ‘बेसल तीन’ नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि रिझर्व्ह बँकेने ते २०१३ पासून आपल्याकडे लागू केले. जोखमीच्या प्रमाणात मोजलेल्या मालमत्तेच्या किमान साडेपाच टक्के शुद्ध भागभांडवल हवे, म्हणजे शेअरचा पैसा आणि साठवलेला नफा. त्यावर आणखी दीड टक्का एटी-वन रोख्यांतून उभारता येतो. याखेरीज राखीव भांडवलाचा थर वेगळा. बँकेच्या दृष्टीने हा पैसा सोयीचा असतो. शेअर काढावे तर मालकी विभागली जाते. रोखे काढले तर मताधिकार द्यावा लागत नाही आणि व्याज खर्चात धरता येते.

पण रोख्याला ‘भांडवल’ म्हणवून घ्यायचे असेल तर त्याने भांडवलासारखा तोटा सोसला पाहिजे. म्हणून नियमांनी त्यावर तीन अटी घातल्या. पहिली अट मुदतीची. या रोख्यांना मुदतच नसते. पाच वर्षांनी बँक ते परत घेऊ शकते, पण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने आणि स्वतःला वाटले तरच. तुम्ही पैसे परत मागू शकत नाही. दुसरी अट व्याजाची. भांडवल अपुरे असेल किंवा वाटण्याजोगा नफा नसेल, तर बँक त्या वर्षीचे व्याज देत नाही, आणि हुकलेले व्याज पुढच्या वर्षी जोडूनही मिळत नाही. व्याज चुकवले म्हणून बँकेला थकबाकीदार ठरवून तुम्ही कोर्टात जाऊ शकत नाही, कारण करारानेच तिला ती मुभा दिलेली असते. तिसरी अट सर्वांत कठोर. बँकेचे शुद्ध भागभांडवल ठरावीक पातळीखाली गेले, किंवा ‘ही बँक आता स्वतःच्या बळावर टिकणार नाही’ असे रिझर्व्ह बँकेने ठरवले, तर मुद्दलच खोडून टाकता येते.

पहिल्या दोन अटी निदान हिशेबात मांडता येतात. तिसरीत दोन वेगवेगळे खटके आहेत, आणि विकणारा माणूस नेहमी त्यांतला कमी भीतीदायक खटका पुढे करतो.

पहिला खटका आकड्याचा. सुरुवातीला ती पातळी साडेपाच टक्के होती, पुढे ती ६.१२५ टक्क्यांवर नेली गेली. हे ऐकून माणसाला हायसे वाटते. बँकेचे भागभांडवल आठ-नऊ टक्के असेल तर अजून बरीच जागा आहे, आकडा खाली येऊ लागला की आपण विकून बाहेर पडू, असा हिशेब मनात बसतो. आता येस बँकेचे प्रसिद्ध झालेले आकडे बघा. सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीअखेर तिचे शुद्ध भागभांडवल होते ८.७ टक्के. त्यानंतरचा तिमाही निकाल फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत यायला हवा होता. बँकेने तो पुढे ढकलला. तो आला १४ मार्च २०२० रोजी. डिसेंबरच्या तिमाहीत तोटा १८,५६४ कोटी रुपये, आणि शुद्ध भागभांडवल ०.६ टक्के. रोखे शून्य झाल्याचे पत्र निघाले तेही त्याच दिवशी.

मधल्या पायऱ्या कुठे होत्या? त्या कधी दिसल्याच नाहीत. भांडवलाचा आकडा म्हणजे बँकेने आपल्या बुडीत कर्जांबद्दल स्वतः केलेल्या कबुलीचा परिणाम असतो. कबुली लांबली की आकडा चांगला राहतो, आणि एकदा द्यावी लागली की एका दिवसात कोसळतो. इथे हा नुसता तर्क नाही. मार्च २०१६ अखेर येस बँकेने आपली ढोबळ बुडीत कर्जे ७४९ कोटी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी निघाली. पुढच्या वर्षासाठी दाखवलेली होती २,०१८ कोटी, आणि तपासणीत निघाली आठ हजार कोटींहून जास्त. हा दुसरा फरक जाहीर झाला ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि त्याच महिन्यात बँकेने ५,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन रोखे नऊ टक्के व्याजाने विकले होते. आधीचे ३,००० कोटींचे, साडेनऊ टक्क्यांचे रोखे डिसेंबर २०१६ मधले. दोन्ही मिळून ८,४१५ कोटी. ज्या बँकेची कबुली आणि तपासणी यांत चौपट ते साडेसहापट अंतर पडते, तिच्या भांडवलाच्या आकड्यावर बांधलेला इशारा तुम्हाला वेळेवर सावध करणार नाही. मला या प्रकरणातला सर्वांत मोठा धडा हाच वाटतो, आणि तो कागदावरच्या अटी कितीही वाचल्या तरी सापडत नाही.

आता दुसरा खटका. हा आकड्याचा नाही, निर्णयाचा आहे. बँक टिकण्याजोगी नाही हे रिझर्व्ह बँक ठरवते. सरकारी पैसा ओतल्याशिवाय बँक तगणार नाही असे ठरले तरी हा खटका ओढला जातो. शिवाय नियमांत असेही आहे की बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली एखाद्या बँकेची पुनर्रचना किंवा दुसऱ्या बँकेत विलीनीकरण होणार असेल, तर ती टिकण्याजोगी नाही असे धरले जाते आणि एटी-वन रोखे त्याआधी खोडायचे असतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बँक वाचवायला कोणी पुढे आले, हीच तुमचे पैसे जाण्याची घटना ठरते. शेअर घेतलेला माणूस देवाला प्रार्थना करतो की बँकेला कोणीतरी तारो. एटी-वन घेतलेल्या माणसाला त्या तारणाऱ्याचीच भीती असते.

त्या नऊ-दहा दिवसांत काय घडले ते क्रमाने सांगतो. ५ मार्च २०२०, गुरुवारची संध्याकाळ. केंद्र सरकारने येस बँकेवर निर्बंध घातले, ३ एप्रिलपर्यंत खात्यातून पन्नास हजारांपलीकडे रक्कम काढता येणार नव्हती. रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून स्टेट बँकेतले वरिष्ठ अधिकारी प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमले. दुसऱ्या दिवशी पुनर्रचनेचा मसुदा आला. त्यात स्पष्ट लिहिले होते की एटी-वन रोखे पूर्णपणे आणि कायमचे खोडले जातील. त्या दिवशी शेअर बाजारात येस बँकेचा शेअर एका क्षणी ५ रुपये ५५ पैशांपर्यंत गेला आणि १६ रुपये २० पैशांवर बंद झाला. १३ तारखेला अंतिम योजना राजपत्रात आली. स्टेट बँक ६,०५० कोटी घालणार, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी हजार-हजार कोटी, त्यांच्यासोबत अ‍ॅक्सिस, कोटक, बंधन, फेडरल आणि आयडीएफसी फर्स्ट. मिळून सुमारे दहा हजार कोटी, दहा रुपयांना एक शेअर या भावाने. जुन्या भागधारकांवर बंधन एवढेच की शंभरहून जास्त शेअर असतील तर त्यांतले ७५ टक्के तीन वर्षे विकता येणार नाहीत. मसुद्यातले एटी-वनबद्दलचे कलम मात्र या अंतिम योजनेत नव्हते. तरीही १४ तारखेला प्रशासकांनी शेअर बाजारांना कळवले की रोखे खोडले आहेत. १८ मार्चला निर्बंध उठले. त्याच आठवड्यात शेअर पन्नास रुपयांच्या वर गेला होता.

बँक दिवाळखोरीत निघाली असती तर कायद्याने रांग ठरलेली आहे. आधी ठेवीदार, मग इतर धनको, मग हे रोखेधारक आणि सर्वांत शेवटी भागधारक. रोखेधारकाला भागधारकापेक्षा कमी जोखीम असते, म्हणूनच तो भागधारकासारखा अमर्याद नफा मागत नाही, नऊ टक्क्यांवर समाधान मानतो. सगळा व्यवहार या रांगेवर उभा आहे. पण रांग दिवाळखोरीतच लागू होते. बँक बुडण्याआधीच वाचवली, तर रांग लावण्याची वेळच येत नाही. मग रोखे शून्य आणि शेअर जिवंत, असे उलटे चित्र निर्माण होते. रोखेधारकाने तोटा भागधारकाआधी सोसला आणि सावरल्यानंतरच्या नफ्यात त्याचा वाटा नाही.

हा पैसा गेला कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० च्या तिमाहीत येस बँकेने २,६२८ कोटी रुपयांचा नफा दाखवला. ज्या तिमाहीत तिचे दरवाजे अडकले होते त्या तिमाहीत नफा! कारण ८,४१५ कोटींचे देणे खोडल्याने, कर वजा जाता, सुमारे ६,२९७ कोटींची एकरकमी जमा झाली होती. रोखेधारकाचे नुकसान म्हणजे बँकेचे भांडवल, हे त्या हिशेबात उघड दिसते. नवे दहा हजार कोटी घालणाऱ्या बँकांना त्या सफाईचा फायदा झाला, आणि ज्यांचे शेअर टिकले त्यांनाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९ मार्च २०२३ रोजी असेच झाले. क्रेडिट स्विस बँक यूबीएसने घेतली, भागधारकांना तीन अब्ज फ्रँक मिळाले आणि सोळा अब्ज फ्रँकांचे एटी-वन रोखे शून्य झाले. जगभरच्या गुंतवणूकदारांना तेव्हा धक्का बसला. मुंबईत ते तीन वर्षे आधी घडून गेले होते. आपल्याकडेच नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएसमध्ये विलीन झाली, तेव्हा ३१८ कोटींचे दुसऱ्या श्रेणीचे रोखे खोडले गेले, पण तिथे भागधारकांचे शेअरही शून्य झाले. म्हणजे रांग पाळता येते. पाळायची की नाही हे त्या वेळचे अधिकारी ठरवतात, आणि ही अनिश्चितता कोणत्याही व्याजदरात मावत नाही.

प्रकरण आपल्या उच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २०२३ रोजी प्रभारी मुख्य न्यायमूर्ती एस. व्ही. गंगापूरवाला आणि न्यायमूर्ती एस. एम. मोडक यांच्या खंडपीठाने रोखे खोडण्याचा निर्णय रद्द केला. कारण बारकाईचे होते. अंतिम योजनेत ते कलम नव्हते. १३ तारखेला बँकेची पुनर्रचना झाली होती, तर १४ तारखेला प्रशासकांना असा धोरणात्मक निर्णय घेण्याचा अधिकार उरला नव्हता. रोखे खोडायचे तर पुनर्रचनेआधी खोडायचे होते. पण न्यायालयाने स्वतःच निकालाला सहा आठवडे स्थगिती दिली, बँक आणि रिझर्व्ह बँक सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मार्चमध्ये तिथे स्थगिती कायम राहिली. या निकालाचा आधार वाचून कोणी रोखे सुरक्षित झाले असे समजू नये. न्यायालयाने खोडण्याची पद्धत आणि वेळ चुकीची ठरवली. एटी-वन रोखा खोडता येतो, ही अट तशीच आहे. पुढच्या वेळी अधिकारी एक दिवस आधी सही करतील.

आता सामान्य माणसाकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. रोख्याची दर्शनी किंमत दहा लाख. तो मुळात संस्थांना विकायचा होता आणि विकलाही गेला. त्यानंतर मात्र बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागाने तो आपल्याच खातेदारांच्या गळ्यात घातला. सेबीने एप्रिल २०२१ च्या आदेशात हे आकड्यांनिशी नोंदवले आहे. १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी रुपये गुंतवले. त्यांतले १,३११ बँकेचेच ग्राहक. २७७ जणांनी मुदत ठेव मुदतीआधी मोडून ८० कोटी यात घातले. रोख्यांची ओळख ‘सुपर एफडी’ अशी करून दिली गेली, ठेवीइतकेच सुरक्षित असे सांगितले गेले. सेबीने बँकेला २५ कोटी रुपये दंड केला, आणि बँकेने त्याविरुद्ध अपील केले.

मोडलेल्या त्या ठेवीचा हिशेब करून बघू. समजा निवृत्तीच्या पैशातली दहा लाखांची ठेव सात टक्क्यांना होती आणि माणसाने ती मोडून साडेनऊ टक्क्यांचा रोखा घेतला. वर्षाला जास्तीचे पंचवीस हजार रुपये. दहा लाख गेले तर ते या जास्तीच्या व्याजातून भरून यायला चाळीस वर्षे लागतील. साठाव्या वर्षी रोखा घेतलेला माणूस शंभरीपर्यंत जगला, आणि दरम्यान बँकेने एकदाही व्याज चुकवले नाही, तर तो बरोबरीत येईल. वरच्या अडीच टक्क्यांत एवढ्या नुकसानीची किंमत कधी धरलेलीच नव्हती. शिवाय या रोख्यांना ‘डबल ए’ दर्जाचे प्रमाणपत्र होते. असे प्रमाणपत्र व्याज आणि मुद्दल वेळेवर मिळण्याची शक्यता सांगते. ते न मिळाल्यास हाती किती उरेल, हे सांगत नाही. साध्या कर्जरोख्यात कंपनी बुडाली तरी मालमत्ता विकून काही टक्के हाती येतात. इथे उरते शून्य.

परताव्याचा आकडाही असाच फसवा असतो. विक्रीच्या कागदावर जो टक्का दिसतो तो बहुधा ‘बँक पाच वर्षांनी पैसे परत देईल’ असे धरून काढलेला असतो. पण ते बंधन बँकेवर नाही. २०१९ मध्ये स्पेनच्या सांतांदेर बँकेने पहिल्या तारखेला रोखे परत न घेण्याचा निर्णय घेतला आणि बाजाराला त्याची आठवण करून दिली. सेबीने २०२१ मध्ये म्युच्युअल फंडांना सांगितले की या रोख्यांची किंमत काढताना त्यांची मुदत टप्प्याटप्प्याने शंभर वर्षे धरा. अर्थ मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, सेबीने टप्पे लांबवले, पण तेव्हा तत्त्व सोडले नाही. माझ्या मते सेबीचे बरोबर होते. ज्याला मुदत नाही त्याला पाच वर्षांचे समजून विकणे ही फसवणूक आहे.

रिझर्व्ह बँकेची बाजूही मांडली पाहिजे. ठेवीदारांना वाचवायला कोणीतरी तोटा सोसायलाच हवा होता, आणि करदात्याच्या आधी भांडवल देणाऱ्याने सोसावा हा नियम न्याय्य आहे. एटी-वन रोखे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मोठी विमा कंपनी शंभर वेगवेगळ्या ठिकाणी पैसे लावते, बँकेचे ताळेबंद वाचायला तिच्याकडे माणसे असतात, तिने हा धोका घ्यावा. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. भागधारकांना सोडून रोखेधारकांना पुसणे अन्यायाचे होते. आणि ज्या माणसाची आयुष्यभराची बचत एका पावतीत मावते, त्याला हा रोखा विकणे हा गुन्हा होता.

ऑक्टोबर २०२० पासून सेबीने किमान वाटप आणि किमान व्यवहार एक कोटी रुपयांचा केला. त्यामुळे लहान माणूस वाचला, असे आपण समजतो. पण माहीममध्ये एक कोटी ही फक्त श्रीमंताची रक्कम राहिलेली नाही. पगारात कधी लाख न पाहिलेल्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा गिरणी कामगाराच्या घरी जुनी जागा विकल्यावर, पुनर्विकासानंतर कुटुंबात वाटण्या झाल्यावर एक-दीड कोटी खात्यात येतात. दुसऱ्याच दिवशी बँकेचा ‘रिलेशनशिप मॅनेजर’ फोन करतो. मर्यादा त्या फोनला अडवत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. दोन गोष्टी आजच्या आज तपासा. एक, तुम्हाला जे ठेव म्हणून दिले त्यासाठी डीमॅट खाते लागले का? बँकेतल्या मुदत ठेवीला डीमॅट लागत नाही, आणि ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, रोख्यावर एक रुपयाचाही नाही. दोन, डीमॅटच्या पत्रकात किंवा तुमच्या म्युच्युअल फंडाच्या मासिक यादीत रोख्याच्या नावापुढे ‘परपेच्युअल’, ‘टियर वन’, ‘बेसल तीन’ यांपैकी काही लिहिले आहे का ते बघा. असेल तर विकणाऱ्याकडून एका प्रश्नाचे उत्तर लेखी मागा, तोंडी नको: बँक वाचवली गेली तर माझ्या मुद्दलाचे काय होईल? लेखी उत्तर द्यायला तो तयार नसेल तर पैसे देऊ नका. आणि घेतलेला रोखा ठेव म्हणून विकला गेला असेल, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार यंत्रणेवर तक्रार नोंदवा, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जोडून. येस बँकेच्या ग्राहकांचे ते आकडे आदेशात आले ते तक्रारी झाल्या म्हणूनच.